फॅटी लिव्हर आणि वजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असे लिहिले आहे. याचा अर्थ काय?

यकृताच्या पेशींमध्ये थोडी चरबी असतेच. ५ टक्क्यांपेक्षा अधिक पेशींमध्ये चरबीचे थेंब साठलेले दिसू लागले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. सोनोग्राफीत अशा यकृताचा रंग शेजारच्या मूत्रपिंडाच्या तुलनेत अधिक पांढरट, चकाकता दिसतो, आणि ही चकाकी किती आहे यावरून डॉक्टर ग्रेड वन, टू किंवा थ्री असे लिहितात. ही डोळ्यांनी केलेली प्रतवारी असल्यामुळे दोन तपासणी केंद्रांच्या रिपोर्टमध्ये एका ग्रेडचा फरक पडणे मुळीच दुर्मीळ नाही. शिवाय साध्या सोनोग्राफीत चरबी २० ते ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचेपर्यंत ती खात्रीने दिसत नाही, त्यामुळे ‘सोनोग्राफी नॉर्मल’ याचा अर्थ ‘चरबी अजिबात नाही’ असा घेता येत नाही.

दारूशी संबंध नसलेल्या आणि वजन, मधुमेह, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांच्याशी जोडलेल्या या आजाराचे इंग्रजी नाव २०२३ साली बदलण्यात आले. रिपोर्टमध्ये ‘एनएएफएलडी’ ऐवजी ‘एमएएसएलडी’ अशी अक्षरे दिसली तर तो नवा आजार समजू नये.

ग्रेड टू म्हणजे लिव्हर ग्रेड वनपेक्षा जास्त खराब झाले आहे, असेच ना?

नाही, आणि या एका गैरसमजामुळे जितके लोक विनाकारण घाबरतात, तितकेच लोक विनाकारण निर्धास्तही राहतात. ग्रेड हा चरबीचा अंदाज आहे. यकृताला इजा किती झाली आहे हे ठरते ते त्यात तयार होणाऱ्या तंतूंवरून, म्हणजे फायब्रोसिसवरून, आणि त्याच्या पायऱ्या एफ-० ते एफ-४ अशा वेगळ्या मोजल्या जातात. एफ-४ म्हणजे सिऱ्होसिस, तंतूंमुळे यकृताची रचनाच बदलून गेलेली अवस्था. ग्रेड थ्री चरबी असूनही तंतू मुळीच नसलेले रुग्ण असतात, तर ग्रेड वन असूनही एफ-३ पर्यंत गेलेले रुग्णही असतात, कारण आजार फार पुढे गेला की चरबी कमी होत जाते आणि तिची जागा तंतू घेतात.

तंतूंचा प्राथमिक अंदाज नेहमीच्या रक्ततपासणीवरून काढता येतो. त्यासाठी वापरतात त्या आकड्याला एफआयबी-४ म्हणतात. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी विकरे. वयाला एसजीओटीने गुणायचे, आणि आलेल्या संख्येला प्लेटलेटची संख्या (हजारांत) आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. उत्तर १.३ पेक्षा कमी आले तर पुढारलेल्या फायब्रोसिसची शक्यता कमी असते, २.६७ पेक्षा जास्त आले तर यकृततज्ज्ञांकडे जाणे आवश्यक ठरते. मधल्या पट्ट्यात असाल तर फायब्रोस्कॅन करून यकृताचा ताठरपणा मोजावा लागतो. वयाची ६५ वर्षे ओलांडलेल्यांसाठी खालची मर्यादा १.३ ऐवजी २.० धरतात, आणि ३५ वर्षांखालील तरुणांत हे गणित फारसे भरवशाचे नाही. फक्त एसजीपीटी नॉर्मल आहे एवढ्यावर मात्र समाधान मानू नये, कारण फॅटी लिव्हर असलेल्या बऱ्याच लोकांत तो मर्यादेतच असतो.

मी दारूला शिवत नाही, तेलकटही फार खात नाही. मग लिव्हरमध्ये चरबी आली कुठून?

यकृतातली चरबी ताटातल्या तेलातूनच येते असे सर्वांना वाटते, पण तिचा तो सर्वांत छोटा वाटा आहे. या आजाराच्या रुग्णांमध्ये तपासणी केली असता यकृतातील चरबीपैकी सुमारे ६० टक्के भाग शरीराच्या चरबीच्या साठ्यातून सुटून रक्तावाटे आलेला आढळला, सुमारे २५ टक्के यकृताने स्वतः साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून बनवलेला होता, आणि आहारातील स्निग्धांशातून थेट आलेला भाग सुमारे १५ टक्केच होता.

याच्या मुळाशी इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणे असते. इन्सुलिनचे एक काम म्हणजे चरबीच्या पेशींना कुलूप घालून ठेवणे. पोटाच्या घेरात चरबी वाढत गेली की हे कुलूप सैल होते आणि चरबी दिवसरात्र रक्तात झिरपत राहते. त्याच वेळी रक्तात वाढलेले इन्सुलिन यकृताला साखरेपासून आणखी चरबी बनवण्याचा हुकूम देत राहते. दोन्ही बाजूंनी भर पडते, आणि बाहेर जाणारा मार्ग तेवढा रुंद नसतो. म्हणूनच तेल निम्मे करून चहातली साखर आणि दुपारचे गोड तसेच ठेवले, तर यकृताला फारसा फरक पडत नाही.

वजन कमी केल्यावर खरोखर लिव्हर पूर्ववत होते का? किती कमी करावे लागते?

सुरुवातीच्या टप्प्यात होते, आणि त्याचा पुरावा बराच भक्कम आहे. किती किलो यापेक्षा मूळ वजनाच्या किती टक्के, असा हिशेब करावा. साधारण ५ टक्के वजन घटले की यकृतातील चरबी लक्षणीय कमी होते. ७ ते १० टक्क्यांच्या दरम्यान पेशींची सूज उतरू लागते. तंतू मागे हटावेत अशी अपेक्षा असेल तर १० टक्के किंवा त्याहून अधिक घट लागते.

या पायऱ्यांचा मुख्य आधार क्युबामध्ये झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात २९३ रुग्णांनी वर्षभर कमी उष्मांकांचा आहार घेतला आणि नियमित चालण्याचा व्यायाम केला. सुरुवातीला आणि शेवटी यकृताचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला. ज्यांचे वजन १० टक्क्यांहून अधिक घटले त्यांपैकी ९० टक्के लोकांच्या यकृतातील सूजयुक्त आजार नाहीसा झाला आणि ४५ टक्क्यांमध्ये तंतूही कमी झाले. मात्र इतकी घट साधणारे लोक एकूण रुग्णांच्या सुमारे १० टक्केच होते, ही बाजूही सांगायला हवी. उरलेल्यांत किती घट तितका फायदा असेच चित्र होते.

तंतू मागे हटतात हे अनेकांना पटत नाही. जखमेचा व्रण जाणार कसा, असा त्यांचा प्रश्न असतो. यकृतात तंतू विणणाऱ्या विशिष्ट पेशी असतात आणि त्या सूज आहे तोवरच जोमाने काम करतात. सूज उतरली की त्या शांत होतात, आणि विणलेले तंतू विरघळवणाऱ्या विकरांचे पारडे जड होऊ लागते. एफ-१, एफ-२ या पायऱ्यांवर यकृताची मूळ रचना शाबूत असते, त्यामुळे ही दुरुस्ती शक्य होते. सिऱ्होसिसमध्ये रचनाच बदलून गाठी तयार झालेल्या असतात. तिथे वजन घटवल्याने यकृताकडे येणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब कमी होऊ शकतो, पण यकृत पहिल्यासारखे होईल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

एखाद्या उदाहरणावरून हा हिशेब समजावून सांगाल का?

समजण्यासाठी एक नमुना घेऊ. ४६ वर्षांचे गृहस्थ, बैठे काम, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, पोटाचा घेर १०० सेंटिमीटर. बीएमआय सुमारे २८.७ येतो, आणि आशियाई लोकांसाठी २५ च्या वर लठ्ठपणा धरला जातो. सोनोग्राफीत ग्रेड टू, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६२, प्लेटलेट २ लाख २० हजार.

एफआयबी-४ काढू. ४६ गुणिले ४० म्हणजे १८४०. एसजीपीटी ६२ चे वर्गमूळ ७.८७, त्याला २२० ने गुणले की सुमारे १७३२. भागाकार १.०६. म्हणजे ग्रेड टू असूनही पुढारलेल्या फायब्रोसिसची शक्यता कमी आहे, आणि आहार-व्यायामाने सुरुवात करण्यास हरकत नाही.

आता टप्पे. ५ टक्के म्हणजे ३.९ किलो, म्हणून पहिला मुक्काम ७४ किलो. ७ टक्क्यांना साडेबहात्तर आणि १० टक्क्यांना सत्तर किलो. इथे ‘उंचीप्रमाणे आदर्श वजन’ ६० किलो आहे असा तक्ता भिंतीवर लावण्याची गरज नाही. यकृताचा बहुतेक फायदा सत्तरपर्यंतच्या प्रवासातच मिळतो.

रोज सुमारे ५०० उष्मांक कमी गेले की सुरुवातीला आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन घटते. या गृहस्थांचा दिवस पाहिला तर ते उष्मांक सापडायला वेळ लागत नाही. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर आणि १६० उष्मांक. ऑफिसातून आल्यावर एक वाटी फरसाण, साधारण ५० ग्रॅम, म्हणजे सुमारे २५०. रात्री तीन पोळ्यांवर वरून भात. त्यातली तूप लावलेली एक पोळी कमी केली तर आणखी १०० च्या आसपास. एवढ्यातच ५०० चा आकडा होतो, आणि भाजी, आमटी, उसळ, ताक यांना हात लावावा लागत नाही.

कागदावर आठ किलोंना सोळा आठवडे लागतात. प्रत्यक्षात शरीर हलके होत जाते तसा त्याचा खर्चही कमी होतो, मध्ये लग्नसराई आणि दिवाळी येते, आणि सहा ते नऊ महिने हा अधिक प्रामाणिक अंदाज आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काटा दोन-तीन आठवडे हलत नाही, हेही अपेक्षितच आहे. त्या काळात पोटाचा घेर मोजला तर तो अनेकदा कमी होत असल्याचे दिसते.

हळूहळूच का? महिन्याभरात दहा किलो उतरवले तर लिव्हर लवकर बरे होणार नाही का?

यकृतातील चरबी खरे तर पोटावरच्या चरबीच्या आधी निघते. मधुमेही रुग्णांवर झालेल्या २००५ सालच्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात सरासरी ८ किलो वजन घटल्यावर यकृतातील चरबी १२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास आली होती. त्यामुळे घाई केल्याने यकृताला मिळण्यासारखे फार काही शिल्लक राहत नाही, आणि धोके मात्र वाढतात.

अतिशय कमी खाल्ले की शरीराच्या साठ्यातील चरबी एकदम सुटते आणि ती पचवण्याचा भार यकृतावरच पडतो. अति-अल्प उष्मांकांचा आहार घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृतात चरबी कमी झाली, पण सूज आणि तंतू थोडे वाढले, असे निरीक्षण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नोंदवले गेले होते. दुसरा धोका पित्ताशयाच्या खड्यांचा. वजन आठवड्याला दीड किलोहून वेगाने उतरू लागले की पित्तात कोलेस्टेरॉल जास्त मिसळते, आणि स्निग्धांश जवळजवळ बंद केल्यामुळे पित्ताशय नीट रिकामे होत नाही. खडे बनण्यासाठी ही परिस्थिती अनुकूल असते. क्रॅश डाएटनंतर उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ येऊ लागली, तर ‘गॅस’ म्हणून सोडून देऊ नये.

तिसरी गोष्ट स्नायूंची. उपाशी राहून उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो, आणि स्नायू हेच रक्तातील साखर वापरणारे मुख्य ठिकाण आहे. ते गेले की इन्सुलिनची अडचण वाढते, आणि वजन परत येते तेव्हा ते चरबीच्या रूपातच येते. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग म्हणूनच सुचवला जातो.

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर वजन याहून वेगाने उतरते, पण तिथे नियमित तपासण्या, प्रथिनांचा हिशेब आणि खडे टाळण्यासाठी औषध अशी व्यवस्था असते. तिची तुलना घरच्या घरी केलेल्या लिंबूपाण्याच्या प्रयोगाशी करता येणार नाही.

आठवड्यातून दोन उपवास केले तर चालेल का?

उपवास कोणता, यावर उत्तर अवलंबून आहे. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा कूट, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू आणि दोनदा गोड चहा, हा आपल्याकडचा उपवास यकृताच्या दृष्टीने नेहमीच्या जेवणापेक्षा जड पडतो. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. वरीचे तांदूळ थोडे, सोबत दही किंवा ताक, काकडी, एखादे फळ, असा साधा उपवास असेल तर आठवड्याचे एकूण उष्मांक कमी होण्यास मदत होऊ शकते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये. साखर अचानक उतरू शकते.

साखरेऐवजी गूळ, मध किंवा फळांचा रस घेतला तर?

यकृताला फारसा फरक कळत नाही. साखरेतला फ्रुक्टोज हा घटक मुख्यतः यकृतातच पचतो आणि जास्त झाला की तिथेच त्याची चरबी होते. गूळ आणि मध यांतही तो आहे, आणि गाळलेल्या रसात तीन-चार फळांचा फ्रुक्टोज तंतुमय भागाशिवाय एका ग्लासात येतो. अख्खे पेरू किंवा संत्रे खाण्याला आक्षेप नाही. उसाचा रस आणि थंड पेये यांच्याबद्दल मात्र तडजोड सुचवणे कठीण आहे.

वजन घटत नसेल तर व्यायाम फुकट जातो का?

जात नाही. आठवड्याला १५० मिनिटे झपाझप चालणे, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा गतीने, एवढ्या व्यायामाने वजन तेच राहूनही यकृतातील चरबी काही प्रमाणात कमी होते. त्यात आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लावावी लागेल असे व्यायाम घातले, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे किंवा भिंतीवर जोर काढणे, तर वजन उतरताना स्नायू टिकतात. गुडघे दुखणाऱ्यांनी चालण्याऐवजी सायकल किंवा पोहणे निवडावे.

मी तर बारीक आहे. मला हे सगळे लागू आहे का?

होय. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे अशी ठेवण पुष्कळ दिसते, आणि अशा लोकांचा बीएमआय २३ च्या आतही असू शकतो. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक घेर असेल तर वजनकाट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवावा. हाँगकाँगमधील अभ्यासात लठ्ठ नसलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांची चरबी केवळ ३ ते ५ टक्के वजन घटल्यावर नाहीशी झाली होती. ६२ किलोच्या माणसाला हे दोन-तीन किलोच होतात. मात्र घेरही नाही, मधुमेहही नाही, आणि तरीही एसजीपीटी वाढलेला आहे, तर हिपॅटायटिस बी, सी, थायरॉइड आणि चालू असलेली औषधे ही कारणे आधी तपासून घ्यावीत.

लिव्हर साफ करणारा काढा किंवा गोळी घेतली तर चालेल का?

‘डिटॉक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कोणत्याही पेयाने फायब्रोसिस कमी होतो असा विश्वासार्ह पुरावा नाही, आणि काहींनी उलट इजा होते. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे नियमित घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांबद्दलही अशा नोंदी आहेत. ‘वनस्पतीजन्य आहे, त्रास काय होणार’ हे वाक्य यकृततज्ज्ञांच्या ओपीडीत फार वेळा ऐकू येते.

खरी औषधे आहेत, पण ती निवडक रुग्णांसाठी. भारतात सारोग्लिटाझार या औषधाला या आजारासाठी २०२० मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत मध्यम ते पुढारलेल्या फायब्रोसिससाठी २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड यांना मान्यता मिळाली, आणि दोन्ही आहार व व्यायाम यांच्या जोडीने घ्यायची आहेत. एफ-० किंवा एफ-१ असलेल्या व्यक्तीला यांची गरज सहसा नसते. दारूचे मात्र प्रमाण विचारत बसू नये. चरबी असलेल्या यकृतात ती बंदच ठेवणे चांगले.

सुधारणा होत आहे हे कसे ओळखायचे?

त्रास मुळात नव्हताच, तर तो कमी झाल्याची जाणीव होण्याचा प्रश्न येत नाही. एसजीपीटी वाढलेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावा. तो उतरणे ही पहिली खूण असते. सोनोग्राफी दर महिन्याला करून उपयोग नाही. फायब्रोस्कॅन सहा महिने ते वर्षाच्या अंतराने, शक्यतो त्याच केंद्रात करावा, आणि त्याआधी किमान तीन तास काही खाऊ नये, कारण जेवणानंतर यकृताकडे रक्त वाढते आणि ताठरपणा खोटाच जास्त येतो. ८ किलोपास्कलच्या खालचा आकडा सहसा दिलासा देणारा मानतात.

उतरलेले वजन परत आले तर चरबीही परत येते, आणि ती येण्यास फार वेळ घेत नाही. म्हणून सत्तरवर पोहोचलेल्या त्या गृहस्थांनी आठवड्यातून एकदा काट्यावर उभे राहावे, आणि आकडा बहात्तरच्या पुढे गेला की फरसाणाची वाटी पुन्हा मोजायला घ्यावी.

स्वतःच्या मनाने वजन कमी करू नये असे कोणी आहे का?

सिऱ्होसिस झालेले, पायावर सूज किंवा पोटात पाणी असलेले, डोळे पिवळे झालेले, गरोदर स्त्रिया, आणि प्रयत्न न करताच वजन उतरू लागलेले लोक. सिऱ्होसिसमध्ये स्नायू आधीच झिजत असतात आणि प्रथिने कमी न करता उलट वाढवावी लागतात. तिथे आहाराचा तक्ता यकृततज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचा असतो.